पॅरासिटामॉलची मात्रा: आधी वजन, मग बाटलीवरची ताकद

लहान मुलाला तापासाठी पॅरासिटामॉल देताना मात्रा वयावरून नव्हे, तर वजनावरून ठरवावी; एका वेळी दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम हे प्रमाण सर्वमान्य आहे. म्हणजे १० किलोच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम. घोळ होतो तो इथून पुढे, कारण ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे हे सुमारे ६ मिलिलिटर होतात, २५० मिलिग्रॅमच्या सिरपचे ३, आणि १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे केवळ दीड. बाटली बदलली की हिशेब नव्याने करावा आणि औषध घरातल्या चमच्याने न देता खुणांच्या सिरिंजनेच मोजावे.

दोन मात्रांमध्ये किमान ४ तास, शक्यतो ६ तास जाऊ द्यावेत आणि २४ तासांत ४ पेक्षा जास्त मात्रा देऊ नयेत, कारण जादा औषधाने यकृताला होणारी इजा सुरुवातीला दिसतही नाही. ताप लवकर उतरला नाही म्हणून मात्रा वाढवू नये. सर्दीच्या मिश्र औषधातही बहुधा पॅरासिटामॉल असते, तेही याच हिशेबात धरावे. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आल्यास मात्र औषध न देता तातडीने डॉक्टरांना दाखवावे.