कुरकुरीत कातडीच्या पोर्क बेलीची तयारी

रविवारी एक वाजता जेवायचं असेल तर तयारी शनिवारी सकाळीच सुरू करा. खाटकाकडून कातडीसकट, हाडं काढलेला, सगळीकडे सारख्याच जाडीचा दीड किलोचा सपाट तुकडा मागून घ्या. गोठवलेला मिळाला तर शुक्रवारीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. कातडीवर केसांची खुंटं राहिली असतील तर ती खरवडून काढा.

आता कातडीला चिरा. सेंटीमीटरभर अंतरावर, धारदार सुरीने, कातडीतून खालच्या चरबीत जातील एवढ्याच. सुरी मांसापर्यंत गेली की रस वर येतो आणि तिथली कातडी फुलतच नाही. मिरी, लसूण, गोव्याचं व्हिनेगर, जे लावायचं ते फक्त मांसाच्या बाजूला, दोन चमचे मिठासोबत. कातडीवर मसाला चढवला तर पहिल्या अर्ध्या तासातच जळतो. तिला बारीक मीठ पुरे, चमचाभर. तुकडा जाळीवर, कातडी वर करून, न झाकता फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा. प्लास्टिक गुंडाळण्याचा मोह टाळा, सगळी मेहनत त्यात जाते.

एवढा खटाटोप कशाला? कातडीत पाणी आहे तोवर ओव्हनची उष्णता ते उडवण्यातच खर्च होते आणि कातडी शंभर अंशांच्या फार वर चढत नाही. मग ती फुलण्याऐवजी चिवट होते. रविवारी सकाळी बोट फिरवून पाहा: कागदासारखी कोरडी लागली पाहिजे. चिकट लागली तर टिश्यूने पुसून तासभर टेबल फॅनसमोर ठेवा. पावसाळ्यात बहुधा हे करावंच लागतं.

साडेनऊला तुकडा बाहेर काढा, सुटं मीठ झटका, तेलाचा पुसट हात फिरवून पुन्हा चिमूटभर मीठ पेरा. कातडी सपाट दिसली पाहिजे, खळगा असेल तिथे खालून फॉइलचा गोळा सरकवा. ओटीजी २४० अंशांवर वीस मिनिटं तापवा. बऱ्याच ओटीजींचा काटा २३० लाच थांबतो, तेवढ्यावरही जमतं, पाच-दहा मिनिटं जास्त लागतात.

सव्वादहाला आत. अर्ध्या तासात कडांना बारीक फोड दिसायला लागले की आच १६० वर आणा आणि साडेबारापर्यंत तशीच ठेवा. ट्रेमध्ये कपभर पाणी घाला म्हणजे गळणारी चरबी जळणार नाही, पण ते कातडीला लागू देऊ नका. मांसात सुरी सहज शिरली की झालं.

मधला भाग अजून सपाट, काचेसारखा कडक दिसतोय? फक्त वरची कॉइल चालू करा, समोर उभे राहा, दर मिनिटाला ट्रे फिरवा. फोड येणं आणि जळणं यात मिनिटभराचाच फरक असतो. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं थांबा, पण फॉइल झाकू नका, वाफेने कातडी मऊ पडते. कापताना कातडी खाली ठेवा आणि जड सुरीने चिरांवरूनच दाबा.