घेवड्याची आमटी खाल्ली की पोट फुगतं? या चुका टाळा

घेवड्याची आमटी झाली आणि रात्री पोटात गुबारा धरला, की सगळं खापर घेवड्यावर फुटतं. घेवडा वातूळ आहे हे खरंच. त्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या फोडणारं एन्झाइम आपल्या आतड्यात नाही, म्हणून त्या न पचता मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले जिवाणू त्यांचा वायू करतात. पण या साखरा पाण्यात उतरतात. बहुतेक घरांत नेमकं तेच पाणी "सत्त्व जाईल" म्हणून परत कुकरात ओततात. सगळ्यात मोठी चूक हीच.

पाव किलो घेवडा घ्या. रात्री नऊला लिटरभर पाण्यात भिजत घाला आणि झोपण्याआधी पाणी एकदा बदला. सकाळी पाण्यावर फेस दिसेल, पाणी गढूळ असेल. ते ओतून द्या, दाणे दोनदा धुवा. नव्या पाण्यात दहा मिनिटं खळखळ उकळा आणि हेही पाणी टाका. थोडं सत्त्व जातं, जाऊ दे. मग ताज्या पाण्यात कुकरला लावा. चार शिट्ट्या झाल्या की मंद आचेवर पंधरा मिनिटं. दाणा दोन बोटांत दाबला की लोण्यासारखा चेपला पाहिजे. मध्ये पांढरा कणीदार गर लागला तर शिजलेला नाही. कच्चा घेवडा नुसता वात करत नाही, त्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनामुळे उलट्या-जुलाबही होतात.

रात्री भिजवायचं राहिलंच, तर दोन-तीन मिनिटं उकळून तासभर झाकून ठेवा आणि पाणी टाका. चिमूटभर सोडा टाकून अर्ध्या तासात उरकणाऱ्यांची घाई मात्र पटत नाही. साल मऊ होते, पण एवढ्या वेळात साखरा बऱ्याचशा आतच राहतात, वर ब जीवनसत्त्वं जातात.

आमसूल किंवा टोमॅटो दाणा शिजल्यावरच घाला. आंबटात दाणा आडमुठा होतो, कितीही शिट्ट्या द्या.

मटकीला मोड आणा. मोड येताना दाणाच या साखरा खर्चून टाकतो.

हिंग आच मंद करून तेलात फुलू द्या, वरून भुरभुरलेला कच्चाच राहतो. हिंग, ओवा, आलं यांनी आराम पडतो, पण न भिजवलेल्या घेवड्याची भरपाई त्यांनी होत नाही.

कोबीतही रॅफिनोज असतं. कोशिंबिरीपेक्षा वाफवलेली भाजी बरी, तीही वाटीभरच.

एवढं करूनही फुगत असेल, तर ताटातला कच्चा कांदा आठवड्यासाठी बंद करून पाहा. कांदा-लसणातले फ्रुक्टन असाच वायू करतात. कांदा-लसूण चटणी आणि वर मूठभर कांदा घेतला की दोष घेवड्याच्या माथी जातो. वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर डॉक्टरांकडे जा.