भाड्याचा फ्लॅट पाहायला जाताना इस्त्री सोबत न्या: लाईटच्या बाबतीत या चुका टाळा

परभणीला बदली झाली तेव्हा पहिला फ्लॅट मी रविवारी सकाळी अकरा वाजता पाहिला. फेब्रुवारी महिना, खिडकीतून छान वारा. मी विचारलं, "लाईट जाते का हो?" घरमालक म्हणाले, "नाही सर, आपली लाईन हॉस्पिटलची आहे." मी डिपॉझिट देऊन टाकलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री नऊ वाजता पंखा असा फिरत होता की त्याची पाती मोजता यायची. घरमालक खोटं बोलले नव्हते, लाईट जात नव्हतीच. फक्त २३० व्होल्टच्या जागी १८५ येत होते.

आता मी फ्लॅट पाहायला जाताना पिशवीत दोन वस्तू नेतो. एक, सॉकेटमध्ये खोचायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर, इलेक्ट्रिकलच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. दुसरी, घरातली १००० वॅटची इस्त्री. इस्त्री पाहून समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो, पण त्याला इलाज नाही.

चूक पहिली: दिवसा जाणं आणि "लाईट जाते का" एवढंच विचारणं

व्होल्टेज पडतं ते संध्याकाळी साडेसात ते रात्री अकराच्या दरम्यान, गल्लीतले सगळे कूलर आणि एसी एकदम सुरू असतात तेव्हा. दुपारी त्याच सॉकेटला २२४ दिसेल आणि रात्री १९०. म्हणून फ्लॅट आवडला तर दुसरी फेरी रात्री मारायची. उन्हाळ्यात मारता आली तर उत्तम. थंडीत घर घेत असाल तर शेजाऱ्यांना गेल्या मे महिन्याचं विचारा.

आणि प्रश्न नेमका हवा. "लाईट जाते का" याला सगळे "कधीतरी" म्हणतात. "मे महिन्यात रात्री डीपीवरचा फ्यूज किती वेळा उडाला, आणि लाइनमन यायला किती वेळ लागला?" असं विचारलं की खरी माहिती निघते. मला सगळ्यात पक्की माहिती मिळाली कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत. गिरणीची मोटर थ्री फेजवर चालते, त्यामुळे एक फेज गेला तरी त्याचं दळण थांबतं. आठवड्यातल्या कोणत्या दिवशी देखभालीसाठी लाईट बंद ठेवतात आणि कोणता फेज वारंवार जातो, हे गिरणीवाल्याला तोंडपाठ असतं.

"हॉस्पिटलची लाईन" हे वाक्य तर फारच ऐकू येतं. त्याचा अर्थ एवढाच की सबस्टेशनवरून येणारी मोठी लाईन, म्हणजे फीडर, एक असेल. त्या फीडरवर डीपी अनेक असतात, आणि तुमचं व्होल्टेज ठरतं तुमच्या डीपीवर आणि तिथून तुमच्या इमारतीपर्यंत आलेल्या तारेवर. मोठ्या हॉस्पिटलची डीपी बहुधा त्यांची स्वतःची असते, शिवाय त्यांच्याकडे जनरेटर असतो. महावितरणच्या बिलावर डीटीसी म्हणून एक क्रमांक छापलेला असतो, तो डीपीचा. घरमालकाचं बिल मागून घ्या. त्याच बिलावर मंजूर भार किती आहे तेही दिसेल. एसी लावायचा असेल तर तो आकडा बघायलाच हवा.

चूक दुसरी: कमी व्होल्टेज म्हणजे बाहेरचाच दोष, असं धरून चालणं

बहुतेक लोक इथेच फसतात. व्होल्टेज तीन ठिकाणी पडू शकतं: डीपीपाशी आणि रस्त्यावरच्या तारेत, मीटरपासून फ्लॅटपर्यंतच्या वायरमध्ये, किंवा फ्लॅटच्या आतल्या एखाद्या बोर्डात. तिघांचा इलाज वेगळा, आणि भाडेकरूच्या हातात काय आहे तेही वेगळं. इस्त्री लागते ती हे तीन वेगळे ओळखायला.

दुसरा फ्लॅट पाहताना मी काय केलं ते सांगतो. रात्री सव्वाआठला बेडरूमच्या बोर्डावर एका सॉकेटला व्होल्टमीटर खोचला. आकडा आला २२४. शेजारच्या सॉकेटला इस्त्री लावली, पूर्ण गरमवर. आकडा २१३ वर आला. अकरा व्होल्ट पडले. इस्त्रीचा लाल दिवा लागलेला असतानाच वाचायचं, तापली की ती आपोआप बंद होते आणि आकडा परत चढतो. मग हॉलच्या बोर्डावर तेच केलं: २२४ वरून २२१.

चांगल्या वायरिंगमध्ये १००० वॅटला दोन-तीन व्होल्ट पडतात, म्हणजे हॉल ठीक होता आणि बाहेरून येणारी लाईनही ठीक होती. दोष फक्त बेडरूमच्या सर्किटमध्ये होता. इस्त्री साधारण ४ अँपिअर घेते, अकरा व्होल्ट वाटेत हरवतात, म्हणजे वाटेत सुमारे ४५ वॅट उष्णता तयार होत होती, आणि त्यातली बरीचशी कुठल्या तरी सैल सांध्यात. ही इस्त्री होती म्हणून एवढंच. तिथे दीड टनाचा एसी लावला असता तर ती उष्णता दुप्पट नव्हे, कितीतरी जास्त झाली असती, कारण करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. वायरमनने बोर्ड उघडला तेव्हा न्यूट्रलचा स्क्रू सैल होता आणि वायरचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं होतं. काम अर्ध्या तासाचं. घरमालकांनी लगेच करून दिलं, कारण करार अजून व्हायचा होता.

हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर, सगळीकडे सारखेच अकरा-बारा व्होल्ट पडले असते तर? मग संशय मेन स्विचवर किंवा मीटरपासून वर येणाऱ्या वायरवर. अशा वेळी शेजारच्या फ्लॅटमध्ये व्होल्टमीटर लावू द्या म्हणून विनंती करायची आणि आपली इस्त्री चालू-बंद करायची. त्यांचा फेज तुमचाच असेल आणि तरी त्यांचा आकडा हलत नसेल तर दोष तुमच्या एकट्याच्या वायरमध्ये आहे. ती बदलायचा खर्च घरमालकाचा, आणि तो आधीच कबूल करून घ्यायचा.

तिसरी शक्यता म्हणजे काहीही न लावता रात्री आकडा १९० च्या खाली. शेजारीही तेवढाच. मग डीपीवर भार जास्त आहे किंवा इमारत लाईनच्या टोकाला आहे. १९१२ वर तक्रार करता येते, सगळ्यांनी मिळून अर्जही देता येतो, पण डीपीची क्षमता वाढणं तुमच्या अकरा महिन्यांच्या करारात बसेल असं धरू नका. मी असा फ्लॅट सोडतो.

एक लक्षण मात्र दिसलं की लगेच सावध व्हायचं. तुम्ही काही चालू-बंद केलं नाही, तरी आकडा २०० वर उतरतो आणि पुन्हा २६० वर चढतो, किंवा एक दिवा मंद होताना शेजारचा प्रखर होतो. हे इमारतीचं न्यूट्रल सैल असल्याचं लक्षण आहे. ते पूर्ण सुटलं तर सिंगल फेजच्या सॉकेटला साडेतीनशे व्होल्टच्या वर येऊ शकतात, आणि टीव्ही, फ्रिज, राउटर एका क्षणात जातात. हे लाइनमनला लगेच कळवायचं. आणि स्वतः मीटरच्या खोलीत हात घालायचा नाही. व्होल्टमीटर सॉकेटमध्ये खोचण्यापलीकडे आपलं काम नाही.

चूक तिसरी: स्टॅबिलायझर किंवा इन्व्हर्टर घेतला की झालं

स्टॅबिलायझर कमी व्होल्टेज वाढवून देतो, पण त्यासाठी लाईनमधून जास्त करंट ओढतो. बाहेरून कमी येत असेल तर तो उपयोगी आहे. पण घरातला सांधा सैल असेल तर तो सांधा आणखी तापतो. म्हणून आधी इस्त्रीची परीक्षा, मग स्टॅबिलायझर.

इन्व्हर्टरबद्दल तर मोठाच गैरसमज आहे. लाईट असते तेव्हा घरगुती इन्व्हर्टर आलेलं व्होल्टेज तसंच पुढे पाठवतो, सुधारत नाही. वर आणखी एक गंमत. बहुतेक इन्व्हर्टरवर यूपीएस आणि नॉर्मल असं एक बटण असतं. यूपीएसवर असेल तर व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की तो लाईट गेलीच असं समजून बॅटरीवर जातो. माझ्या पहिल्या फ्लॅटमध्ये हेच झालं. रस्त्यावर दिवे चालू, आमचा इन्व्हर्टर बॅटरीवर, साडेअकराला बॅटरी संपून सगळं बंद. मी बॅटरी खराब म्हणून दुकानदाराशी भांडून आलो. बटण नॉर्मलवर केलं आणि प्रश्न सुटला. पंखे हळूच फिरत राहिले, ते सोडा.

किती मोठा घ्यायचा, याचा हिशोब असा. १५० एएच, १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. इन्व्हर्टरमधलं नुकसान आणि जोरात उपसल्यावर घटणारी क्षमता धरून हातात सुमारे ११०० येतात, तेही बॅटरी नवी असताना. तीन जुने पंखे ७५ वॅटचे, चार एलईडी बल्ब आणि राउटर मिळून २७५ वॅट होतात, म्हणजे चार तास. रात्री दोनच पंखे आणि राउटर ठेवले तर सात तासांच्या आसपास. तेच पंखे ३० वॅटचे बीएलडीसी असतील तर अख्खी रात्र निघते. तेव्हा दुसरी बॅटरी घेण्याआधी दोन पंखे बदला, आणि जाताना ते काढून सोबत न्या. बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात, त्यामुळे दिवसातून तीनदा लांब लाईट जाणाऱ्या भागात हा हिशोब अर्ध्यावर येतो.

"इन्व्हर्टरची वायरिंग केलेली आहे" असं सांगितलं तर मेन बोर्डातला इन्व्हर्टरचा एमसीबी बंद करून पाहा. फक्त ठरलेले पंखे आणि दिवेच बंद व्हायला हवेत. गीझरचा पॉइंटही गेला तर वायरिंग वेगळी केलेली नाही. आणि इन्व्हर्टर जोडताक्षणी करंटची गळती पकडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, ट्रिप होत असेल तर न्यूट्रल वेगळं ठेवलेलं नाही, हे वायरमनला सांगा. निम्मं काम तिथेच होतं.

आता पाण्याचं. नगरपालिकेचं किंवा महापालिकेचं पाणी काही दिवसांआड ठरलेल्या वेळी येणाऱ्या गावात त्याच वेळी लाईट गेली तर मोटर चालत नाही आणि वरची टाकी रिकामी राहते. इमारतीच्या पंपाला जनरेटर आहे का, आणि त्याचं डिझेल कोण भरतं, हे वॉचमनला विचारा. लिफ्टचं तो न विचारताच सांगेल.

करारात मी तीन ओळी घालून घेतो: मीटरपासून आतली वायरिंग दुरुस्त करणं घरमालकाकडे, इन्व्हर्टर आणि पंखे भाडेकरूचे, आणि ताबा घेतल्या दिवशीचं मीटर रीडिंग. रीडिंगचा फोटो दोघांच्या मोबाइलवर असतो, इस्त्री परत पिशवीत.