स्थळं येतात, पण पुढं सरकत नाहीत? बायोडाटा लिहिताना या चुका टाळा

बायोडाटा मंडळात दिलेला असतो, पाहुण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेला असतो, फोनही येतात. पण दुसऱ्या फोननंतर समोरचे 'कळवतो' म्हणतात आणि कळवत नाहीत. मग घरचे पत्रिकेला नाही तर फोटोला दोष देतात. त्याआधी एक बघा: प्रत्येक फोनवर तेच प्रश्न येतायत का? हातात पगार किती, मुलगी राहणार कुठं, घरात कोण कोण? तसं असेल, तर उणीव मजकुरात आहे.

कोल्हापुरात हातोहात फिरणारा नमुना असा असतो:

'बी.ई. मेकॅनिकल, नामांकित कंपनीत क्वालिटी इंजिनिअर, पॅकेज 6 लाख, स्वतःचा बंगला, बागायत शेती 3 एकर. निर्व्यसनी, मनमिळाऊ. आवड: वाचन, संगीत, प्रवास. अपेक्षा: अनुरूप, सुशिक्षित, घर सांभाळून नोकरी करणारी चालेल.'

यात सरळ खोटं काही नाही. तरी वाचणाऱ्याची समजूत चुकते, आणि ती पहिल्या भेटीत उघडी पडते.

पॅकेज आणि शेती

पॅकेजमध्ये कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी धरलेली असते. ती दर महिन्याला हातात येत नाही. शिवाय आपल्या वाट्याचा पीएफ पगारातून कापला जातो. त्यामुळं या मुलाच्या खात्यात 50 नव्हे, 42 हजार जमा होतात. 50 चा हिशोब धरून आलेल्या माणसाला हे नंतर कळलं, की त्याला आठ हजारांपेक्षा लपवाछपवीच जास्त टोचते. म्हणून खात्यात जमा होणारी रक्कम लिहा आणि घराचा किंवा गाडीचा हप्ता असेल तर तोही लिहा.

शेतीचंही तसंच. सातबारा महाभूलेखवर कुणालाही बघता येतो. तीन एकरांवर वडील आणि दोन चुलत्यांची नावं असतील, तर 'सामाईक 3 एकर, आमचा वाटा सुमारे 1 एकर, ऊस' एवढं लिहावं. पाहुणे हे शोधून काढतातच.

विशेषणं आणि आवडी

मनमिळाऊ, शांत, गृहकृत्यदक्ष हे शब्द जवळपास प्रत्येक बायोडाट्यात असतात, म्हणून वाचणारा ते ओलांडून जातो. स्वभाव सांगायचा असेल, तर माणूस रोज काय करतो ते लिहा. 'निर्व्यसनी' या शब्दावरून तर हमखास वाद होतात. तंबाखू नाही, पण मित्रांच्या लग्नात बिअर होत असेल, तर तेच लिहिलेलं बरं.

हाच बायोडाटा नव्यानं लिहिला तो असा. शिक्षण, उंची, जन्मवेळ वर तक्त्यात गेली. खाली हा मजकूर आला:

'शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत क्वालिटीचं काम करतो. पाळ्या दर आठवड्याला बदलतात, सुट्टी सोमवारी असते. खात्यात 42 हजार जमा होतात, घराचा हप्ता 9 हजार आहे. घर उचगावात, आई-वडील आणि धाकटा भाऊ एकत्र राहतो. लग्नानंतरही तिथंच राहायचा विचार आहे. सकाळचा चहा आणि भाजी चिरणं माझ्याकडं असतं, पोळ्या येत नाहीत. घरात मांसाहार होतो. तंबाखू, सिगारेट नाही. कधीतरी बिअर घेतो. फुटबॉलच्या हंगामात आमच्या पेठेच्या संघाचा सामना असला, की शाहू स्टेडियमवर जातो. रागावलो की गप्प बसतो, बोलायला अर्धा दिवस लागतो.'

हे लिहिल्यावर फोन कमी येतील, हे मुलाच्या आईला आधी सांगून ठेवा. रविवारी सुट्टी असलेल्या बँकेतल्या मुलीचे आई-वडील सोमवारची सुट्टी वाचून कदाचित थांबतील. पण जे फोन करतील, ते पाळ्या आणि एकत्र घर मान्य करून करतील, आणि बोलणं पगाराच्या पुढं जाईल.

अपेक्षा

'नोकरी करणारी चालेल' यातून नोकरी हवी की नुसती खपवून घेणार, तेच कळत नाही. पुण्याची नोकरी सोडून तिनं कोल्हापूरला यावं, अशी इच्छा असेल तर ती स्पष्ट लिहा. 'तिची नोकरी सुरू राहावी, सकाळचा स्वयंपाक आई आणि मी सांभाळू' असं लिहायचं असेल, तर आधी आईला विचारा. घरात न बोललेलं कागदावर आलं, तर पहिल्याच भेटीत अडचण होते.

पूर्वीचं लग्न

घटस्फोट झाला असेल, मूल असेल, तर ते मजकुराच्या पहिल्या ओळीत हवं. कारणं मात्र कागदावर नकोत, ती भेटीत सांगावीत. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 12 नुसार, स्वतःबद्दलच्या महत्त्वाच्या गोष्टीत फसवणूक करून संमती मिळवली असेल, तर लग्न रद्द करून मागता येतं. फसवणूक कळल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो.

शेवटी मजकूर तुम्हाला रोज बघणाऱ्या बहिणीला किंवा मित्राला वाचायला द्या. नाव झाकून ठेवा. 'हा तूच' असं तिला ज्या ओळीवर वाटलं ती ठेवा, आणि जी कुणाच्याही बायोडाट्यात चालली असती ती खोडून टाका.