छोट्या हॉटेलसाठी डिझेल जनरेटर घेताना या चुका टाळा

पावसाळ्यात खानापूर, बेळगाव भागात लाईट वारंवार जाऊ लागली की हॉटेलमालक घाईने जनरेटर घेतात आणि बहुतेक जण तीच चूक करतात. सगळ्या उपकरणांचे वॅट एका कागदावर मांडायचे, त्यांची बेरीज करायची, थोडे वाढवून केव्हीए ठरवायचे आणि आगाऊ रक्कम देऊन मोकळे व्हायचे. या बेरजेत मोटारी चालू असतानाचा भार येतो. त्या चालू होतानाचा भार त्यात कुठेच नसतो.

खानापूर रस्त्यावरच्या एका हॉटेलचे उदाहरण घेऊ. तेथे ५ एचपीचा बोअरवेल पंप, २ एचपीचा इडलीपिठाचा ग्राइंडर, १ एचपीचा एक्झॉस्ट ब्लोअर, दोन डीप फ्रीझर, दिवे आणि पंखे होते. सगळे मिळून सुमारे १० किलोवॅट, म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरने १२ केव्हीएच्या आसपास. विक्रेत्याने १५ केव्हीएचा संच दिला आणि कागदावर तो पुरेसाही दिसत होता. तरीही पंपाचे बटण दाबले की इंजिन गुरगुरायचे, दिवे मंदावायचे, ग्राइंडरच्या स्टार्टरचा कॉन्टॅक्टर 'खट्ट' करून सुटायचा आणि दगड पिठातच थांबायचा. फ्रीझरचे कॉम्प्रेसर अडकून त्यांचे ओव्हरलोड पडायचे. मालक म्हणाले, "साहेब, हा संच परत करून ४० केव्हीएचा आणतो." मी त्यांना थांबवले.

कारण साध्या हिशेबात दिसते. ५ एचपीची थ्री-फेज मोटार चालू असताना साधारण साडेसात अँपिअर घेते, पण थेट स्टार्टरवर चालू होताना त्याच्या सहा पट, म्हणजे ४५ अँपिअर मागते. ४१५ व्होल्टला हे ३२ केव्हीए होते, आणि १५ केव्हीएचा अल्टरनेटर त्या वेळी बाकीचा भारही पेलत असतो. इंजिन बंद पडत नाही, कारण या ३२ केव्हीएमधला खरा किलोवॅट थोडा असतो. कोसळते ते व्होल्टेज. ते ७० टक्क्यांवर आले की मोटारीचा जोर निम्म्यावर येतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. मग पंप वेग घ्यायला जास्त वेळ लावतो आणि व्होल्टेज तितकाच वेळ खाली राहते. सुरुवातीच्या क्षणीही व्होल्टेज ८० टक्क्यांखाली, म्हणजे ३३० व्होल्टखाली जाऊ नये, अशी माझी अट असते. ते तपासायला किमान मूल्य धरून ठेवणारा मीटर घ्यावा. साध्या मीटरला हा झटका दिसतच नाही.

यावर मोठा संच घेणे हाच एक उपाय आहे, असे समजणे ही दुसरी चूक आहे. २५ केव्हीएवर पंप चालू होईल, पण पंप बंद असताना इतर भार जेमतेम पाच किलोवॅटचा, म्हणजे संचाच्या क्षमतेच्या पाव भाग इतकाच राहील. डिझेल इंजिन फार काळ ३० टक्क्यांहून कमी भारावर चालले की अर्धवट जळलेले इंधन आणि काजळी साचते आणि सायलेन्सरमधून तेलकट काळे ओघळ येतात. ४० केव्हीएवर ही दशा आणखी लवकर येते.

म्हणून आम्ही क्रम बदलला. पंप शक्यतो लाईट असतानाच चालवून टाकी भरायची. लाईट यायला फार वेळ लागला आणि पाणी लागलेच, तर आधी बाकीचा भार काढायचा, रिकाम्या संचावर पंप चालू करायचा, तो स्थिरावल्यावर ग्राइंडर आणि मग ब्लोअर लावायचा, आणि फ्रीझर सर्वांत शेवटी. पंप वगळला की सर्वांत मोठी मोटार २ एचपीची उरते आणि तिच्या १४ केव्हीएच्या झटक्याला १५ केव्हीएचा संच पुरतो. हा क्रम पाळणारा माणूस नसेल, तर पंपाला सॉफ्ट स्टार्टर लावावा. तीनच वायरी बाहेर असलेल्या पंपाला स्टार-डेल्टा स्टार्टर लावता येत नाही, त्यासाठी सहा वायरी लागतात. हे न बघता स्टार्टर विकत आणणारे मी नेहमी पाहतो.

फ्रीझरचा वेगळा विचार करावा. कॉम्प्रेसर थांबताच लगेच पुन्हा लावला तर आतला दाब समान झालेला नसतो आणि तो अडकतो. तीन मिनिटांचा टाइम डिले असलेला स्टॅबिलायझर लावला की हा त्रास संपतो.

सगळे सिंगल-फेज सामान एकाच फेजवर टाकू नये; १५ केव्हीएच्या थ्री-फेज संचात प्रत्येक फेजला ५ केव्हीए, म्हणजे २१ अँपिअरच मिळतात.

मोटारीच्या एचपीवरून अंदाज बांधू नये, तिच्या पाटीवरचा अँपिअर वाचावा. पाटी पुसली असेल तर क्लॅम्प मीटरने मोजावे.

संच विकत घेण्याआधी विक्रेत्याकडून एकच गोष्ट लेखी मागावी: तुमची सर्वांत मोठी मोटार, इतर भार चालू असताना, सुरू केल्यास व्होल्टेज किती टक्के खाली जाईल. उत्तर देता येत नसेल, तर त्याने तुमचा हिशेब केलेलाच नाही.