डॉक्टर किंवा शिकवणीचे नाव सुचवताना या चुका टाळा

नागपुरात कोणाला डॉक्टर हवा असला, की धंतोली किंवा रामदासपेठेतले एखादे नाव सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच मिळते. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, परंतु नावाला वजन यावे म्हणून आपण त्याला दाखला जोडतो आणि तो दाखला बहुधा दुसऱ्याच कोणाचा तरी आजार असतो.

आमच्याकडे एका ताईंनी लहान मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांचे नाव विचारले, तेव्हा उत्तर आले: ‘रामदासपेठेतल्या मॅडमना दाखवा, आमच्या वरच्या मजल्यावरचा सातवीतला मुलगा त्यांच्याच गोळ्यांनी पुन्हा शाळेत जायला लागला.’ मुलाचे नाव कुठेही नव्हते, मात्र उत्तर देणाऱ्यांचा फ्लॅट सर्वांना ठाऊक होता, वरच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडे होती आणि सातवीतला मुलगा त्यांपैकी एकाच घरात होता. नाव गाळले म्हणजे ओळख झाकली, हा समज हीच सर्वांत मोठी चूक आहे. मजला, इयत्ता, नाते, शाळा यांतल्या दोन गोष्टी जुळल्या तरी माणूस ओळखू येतो.

‘ओळखीतल्या एका मुलाला’ असे लिहिले, तरी वाचणारा अंदाज बांधू लागतोच. म्हणून रुग्णाला उत्तरातून पूर्णपणे वगळून डॉक्टरांविषयीच लिहावे: ‘मॅडम मुलाशी आणि पालकांशी वेगवेगळे बोलतात, घाई करत नाहीत, वेळ आधी घ्यावी लागते.’ विचारणाऱ्याला निर्णयासाठी हेच लागते. ‘तुम्ही कोणाला नेले होते?’ असे कोणी विचारलेच, तर ‘ते मला सांगता येणार नाही’ एवढे उत्तर पुरेसे आहे. आपणही विचारणाऱ्या ताईंना ‘काय झाले हो मुलाला?’ असे चारचौघांत विचारू नये.

चिठ्ठीचा फोटो तर टाकूच नये. वरचे नाव कापले तरी वय, तारीख आणि औषधांची नावे उरतात, आणि औषधावरून आजार कळतो. दवाखान्याच्या पाटीवरचा क्रमांक द्यावा. डॉक्टरांचा खासगी मोबाइल देऊ नये.

शिकवणीच्या बाबतीत जपायची माणसे दोन असतात. ‘अमुकची मुलगी गणितात नापास होत होती’ हे त्या मुलीचे गुपित आहे, तर घरी येऊन शिकवणाऱ्या ताईंचा नंबर आणि येण्याजाण्याची वेळ त्यांच्या सुरक्षिततेशी जोडलेली आहे. ‘दहावी, स्टेट बोर्ड, गणित, घरी येऊन शिकवतात’ इतके लिहावे, आधी ताईंना ‘नंबर देऊ का?’ असे विचारावे आणि होकार आल्यावर तो फक्त विचारणाऱ्यालाच पाठवावा.

चूक होऊन गेली असेल, तर संदेश ‘सर्वांसाठी’ काढून टाकावा. ही सोय साधारण दोन दिवसच असते. मधल्या काळात कोणी स्क्रीनशॉट घेतला असेल, तर तो परत घेता येत नाही. म्हणून वरच्या मजल्यावर आपणच जाऊन, काय लिहिले आणि ते किती वेळ ग्रुपवर होते हे त्या आईवडिलांना स्पष्ट सांगावे, म्हणजे ही गोष्ट त्यांना जिन्यात दुसऱ्या कोणाकडून कळणार नाही.