अव्वासोबत दवाखान्यात जाण्याआधी

अव्वा, म्हणजे आई, कन्नड बोलते, डॉक्टर मराठी, आणि मधे तू. आमचं घर कलबुर्गीकडून पुण्यात बांधकामावर आलेलं. मी बारा वर्षांची असल्यापासून अव्वाच्या मधुमेहाचं सगळं बोलणं माझ्या तोंडून झालं आहे. त्यात एकदा मी तीन चुका केल्या. म्हणून ही तयारी तुझ्यासाठी लिहिते आहे.

सुरुवात आदल्या रात्री कर. जेवणं झाली की वही घेऊन अव्वाजवळ बस आणि तिला काय होतं ते तिच्याच शब्दांत लिहून घे. लगेच मराठी करू नकोस. माझी पहिली चूक इथेच झाली. अव्वा म्हणाली, ‘सुस्तु’. मी डॉक्टरांना सांगितलं, ‘सुस्ती येते’. कन्नडमधल्या सुस्तुचा अर्थ अंगातलं बळ जाणं, गळून जाणं. मराठीत सुस्ती म्हटलं की आळस आणि झोप डोळ्यांसमोर येते. डॉक्टरांनी विचारलं, रात्री झोप नीट होते का, आणि बोलणं तिकडेच गेलं. सारखे वाटणारे शब्द सगळ्यात जास्त फसवतात. म्हणून प्रत्येक तक्रारीवर अव्वाला विचार, ‘म्हणजे नेमकं काय होतं?’ हात थरथरतात, घाम सुटतो, सकाळी अकराच्या सुमाराला होतं, खाल्लं की बरं वाटतं. डॉक्टरांना हे सांग, एकच शब्द नको.

कधीपासून होतंय ते वाराने आणि तारखेने लिही. कन्नडमध्ये होऊन गेलेल्या दिवसाला ‘मोन्ने’ आणि येणाऱ्या दिवसाला ‘नाडिद्दु’ असे दोन शब्द आहेत. मराठीत दोन्हीला ‘परवा’च. डॉक्टर ‘परवाचा रिपोर्ट आणा’ म्हणाले तर तिथेच विचार, ‘सोमवारचा की शुक्रवारचा?’

पिशवीत जुना केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं टाक, अगदी मेडिकलमधून सहज आणलेली दुखण्याची गोळीसुद्धा. नावं पाठ करत बसू नकोस, पाकीट पुढे करायचं.

आत गेल्यावर आधी सांग, ‘डॉक्टर, एका वेळी एकच गोष्ट सांगा, मी अव्वाला सांगते आणि मग पुढचं.’ हे बोलायला मला खूप धीर गोळा करावा लागला होता, पण कुणी रागावलं नाही. चार वाक्यं एकदम आली तर मधली दोन गळतात, आणि बहुतेक वेळा त्यातलंच एक महत्त्वाचं असतं.

माझी दुसरी चूक मला अजून टोचते. डॉक्टरांनी विचारलं, ‘सकाळची गोळी घेतल्यावर नाश्ता करतात ना?’ मी अव्वाकडे न वळता ‘हो’ म्हणाले. माझी शाळा सकाळची, मला वाटलं ती करतच असणार. ती मात्र साखर उतरवणारी गोळी घेऊन उपाशीच साइटवर जात होती, आणि पहिला घास दुपारी. साखर खाली जाण्याचं कारण तेच होतं. उत्तर तुला माहीत असलं तरी प्रश्न अव्वापर्यंत जाऊ दे.

तिसरी चूक आकड्याची. साइटवरच्या तपासणी शिबिरात कुणीतरी साखर ‘एकोणसत्तर’ सांगितली होती. मी ‘सत्तर’ ऐकलं आणि पुढे नऊ लावले. कन्नडमध्ये ६९ म्हणजे ‘अरवत्तोंबत्तु’, साठ आणि नऊ. मराठीत सत्तरला एक कमी. दवाखान्यात मी ७९ सांगितले. साखर ७० च्या खाली गेली की ती कमी धरतात, त्यामुळे माझ्या आकड्याने सगळं ठीक दिसलं आणि गोळी तशीच चालू राहिली. आता मी आकडा सुटा करून विचारते, ‘सहा-नऊ ना?’ आणि कागदावर लिहून घेते. दीड आणि अडीच गोळीचंही तसंच, चित्र काढून दाखवायला सांगायचं.

शब्द अडला तर अंदाज लावू नकोस. ‘हा शब्द मला कळला नाही, सोप्या मराठीत सांगाल का?’ एवढं पुरे. पण ऑपरेशनच्या कागदावर सही, मोठ्या आजाराची बातमी किंवा अव्वा तुझ्यासमोर बोलायला लाजते असं काही निघालं, तर थांब. कन्नड येणारी सिस्टर किंवा वस्तीतली मोठी बाई बोलवायला सांग. ते काम तुझं नाही.

निघण्याआधी अव्वाला विचार, ‘उद्या सकाळी काय काय करशील?’ ती कन्नडमध्ये सांगेल ते जसंच्या तसं डॉक्टरांना मराठीत सांग. चूक असेल तर ती तिथेच सापडते. त्या खेपेला अव्वा म्हणाली, ‘गोळी घेईन आणि कामाला जाईन.’ डॉक्टरांनी लगेच पेन उचललं आणि चिठ्ठीवर गोळीच्या शेजारी भाकरी काढली. ती चिठ्ठी आम्ही चुलीमागच्या भिंतीला चिकटवली.